अर्धवर्तुळाकृती तारेचा गुरुत्वमध्य

अर्धवर्तुळाकृती तारेचा गुरुत्वमध्य म्हणजे सर्वत्र सारख्या जाडीची व सारख्या घनतेची तार अर्धवर्तुळाच्या कंसात वाकवली असता तिचे सर्व वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू. कंसाची त्रिज्या r असल्यास हा बिंदू वर्तुळकेंद्रापासून 2r/π इतक्या, म्हणजे त्रिज्येच्या सुमारे ०.६३७ पट अंतरावर, सममितीच्या अक्षावर असतो. त्याच त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकृती पत्र्याचा गुरुत्वमध्य मात्र केंद्रापासून 4r/3π, म्हणजे त्रिज्येच्या सुमारे ०.४२४ पट अंतरावर असतो. दोन्ही आकृत्यांची बाह्यरेषा पाहता कंस एकच असल्याने या दोन सूत्रांची अदलाबदल वारंवार होते. वस्तुतः पत्र्याचे अंतर हे तारेच्या अंतराच्या बरोबर दोन-तृतीयांश असते आणि या दोन-तृतीयांशाचे कारण समजल्यास दोन्ही सूत्रे वेगवेगळी पाठ करण्याची गरज उरत नाही.

संकल्पना

कोणत्याही वस्तूचा गुरुत्वमध्य काढणे म्हणजे तिच्या वजनाच्या प्रत्येक कणाच्या अंतराची सरासरी काढणे होय. येथे ‘प्रत्येक कणाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सरासरी कशाची काढायची हे वस्तू ठरवते. तारेच्या बाबतीत समान लांबीच्या तुकड्यांना समान वजन असते. पत्र्याच्या बाबतीत समान क्षेत्रफळाच्या तुकड्यांना समान वजन असते. तारेचा एकही कण कंसाच्या आत नसतो. पत्र्याचे मात्र बहुतेक वजन कंसाच्या आतच पसरलेले असते आणि त्यातील बराच भाग केंद्राच्या जवळ असतो. म्हणून पत्र्याचा गुरुत्वमध्य व्यासाकडे सरकतो.

दोन्ही आकृत्या व्यासाच्या लंबदुभाजकाभोवती सममित असल्याने गुरुत्वमध्य त्या दुभाजकावर असणार हे उघड आहे. प्रश्न उरतो तो केवळ व्यासापासूनच्या उंचीचा. पुढील विवेचनात व्यास आडवा व कंस त्याच्या वर आहे असे मानले आहे.

तारेच्या सूत्राची सिद्धता

हे सूत्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत समाकलनाने काढलेले असते. तथापि समरूप त्रिकोणांवर आधारलेली जुन्या वळणाची रीत अधिक उद्बोधक आहे. तिच्यात एकही त्रिकोणमितीय फल लागत नाही.

तारेचा एक अतिशय लहान तुकडा घ्यावा. तो इतका लहान असावा की सरळ रेषेसारखा मानता येईल. तुकड्याची लांबी s व व्यासापासून उंची h मानावी. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असताना त्या तुकड्याची सावली आडव्या व्यासावर पडेल. तिची लांबी p मानावी. आता दोन काटकोन त्रिकोण तयार होतात. पहिल्याचा कर्ण हा तुकडा आणि एक बाजू त्याची सावली. दुसऱ्याचा कर्ण म्हणजे केंद्रापासून तुकड्यापर्यंतची त्रिज्या आणि एक बाजू तुकड्याची उंची. स्पर्शरेषा त्रिज्येला लंब असते, तसेच आडवी दिशा उभ्या दिशेला लंब असते. त्यामुळे पहिला त्रिकोण म्हणजे दुसऱ्याचीच काटकोनातून फिरवलेली लहान प्रतिकृती ठरते. यावरून

p / s = h / r, म्हणजेच s × h = r × p

डावीकडील गुणाकार म्हणजे त्या तुकड्याचे व्यासाभोवतीचे परिबल. उजवीकडे उंची नाहीशी झाली आहे व फक्त सावली उरली आहे. टोकाजवळचा तुकडा जवळजवळ उभा असतो, त्याची उंचीही शून्याजवळ आणि सावलीही शून्याजवळ. माथ्यावरचा तुकडा आडवा असतो, त्याची उंची r व सावली त्याच्या लांबीएवढीच. दोन्ही टोकांना समीकरण पडताळून पाहता येते.

सर्व तुकड्यांची बेरीज केली की सर्व सावल्या मिळून संपूर्ण व्यास व्यापतात, म्हणजे त्यांची बेरीज 2r. म्हणून एकूण परिबल r × 2r = 2r². तारेची लांबी πr. परिबलाला लांबीने भागले की सरासरी उंची मिळते:

2r² / πr = 2r/π

येथे एक चूक हमखास होते, तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे. काही जण व्यासाचे समान भाग करून प्रत्येक भागाच्या वर कंसाची उंची मोजतात व त्या उंचींची सरासरी घेतात. ती πr/4, म्हणजे त्रिज्येच्या सुमारे ०.७८५ पट येते. गणित बिनचूक असते, पण उत्तर तारेचे नसते. व्यासाचे समान भाग केल्यास टोकाजवळच्या एका भागावर तारेची पुष्कळ लांबी येते आणि माथ्याखालच्या तेवढ्याच भागावर फार थोडी. टोकाजवळच्या सखल तारेला तिचा वाजवी वाटा मिळत नाही आणि सरासरी फुगते. समान भाग तारेचे करावयाचे असतात, तिच्या सावलीचे नव्हेत.

पत्र्याचे दोन-तृतीयांश

पत्र्यासाठी नव्याने सुरुवात करण्याची गरज नाही. अर्धवर्तुळाकृती पत्रा केंद्रापासून निघणाऱ्या असंख्य बारीक फाकांमध्ये कापला आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक फाक म्हणजे जवळजवळ एक अरुंद त्रिकोण. त्याचा शिरोबिंदू केंद्रात आणि पाया कंसावर. त्रिकोणी पत्र्याचा गुरुत्वमध्य मध्यगेवर, शिरोबिंदूपासून दोन-तृतीयांश अंतरावर असतो, हे शालेय भूमितीत शिकवलेले असते. तेव्हा प्रत्येक फाकेचे वजन केंद्रापासून 2r/3 अंतरावर एकवटले आहे असे मानता येते. सर्व फाका सारख्या वजनाच्या असल्याने त्यांचे हे बिंदू मिळून 2r/3 त्रिज्येची, सर्वत्र सारख्या वजनाची एक अर्धवर्तुळाकृती तारच तयार होते. तिला वरचे सूत्र लावले की

(2/π) × (2r/3) = 4r/3π

म्हणजे पत्रा हा गुरुत्वमध्याच्या दृष्टीने दोन-तृतीयांश त्रिज्येच्या तारेशी तुल्य आहे. दोन सूत्रांतील सर्व फरक त्रिकोणाच्या मध्यगेतून आलेला आहे. फाक केंद्राकडे निमुळती होत जाते म्हणून तिचा गुरुत्वमध्य अर्ध्यावर न येता कंसाकडे झुकतो आणि दोन-तृतीयांश हा आकडा येतो.

तारेपासून पत्र्यापर्यंत

व्यवहारात तार शून्य जाडीची नसते. पट्टी वाकवून केलेले अर्धकडे घेतल्यास त्याला आतली त्रिज्या a व बाहेरची त्रिज्या b असते. अशा सपाट अर्धकड्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून

4(a² + ab + b²) / 3π(a + b)

एवढ्या अंतरावर असतो. या एका सूत्रात दोन्ही टोके सामावलेली आहेत. a व b समान केल्यास तारेचे सूत्र मिळते. a शून्य केल्यास पत्र्याचे. बाहेरची त्रिज्या १० सेंमी ठेवून आतली त्रिज्या ८ सेंमी केली तर गुरुत्वमध्य ५.७५ सेंमीवर येतो. आतली ५ सेंमी केली तर ४.९५ सेंमीवर, आणि पोकळी पूर्ण भरली की ४.२४ सेंमीवर. मधल्या त्रिज्येची तार मानून पहिल्या कड्याचे उत्तर काढल्यास ५.७३ सेंमी येते, म्हणजे चूक पाव मिलिमीटरहूनही कमी. दुसऱ्या कड्याला हीच युक्ती लावल्यास ४.७७ सेंमी येते आणि चूक जवळजवळ दोन मिलिमीटर होते. अर्थात वाकवलेल्या वस्तूला ‘तार’ म्हणावे की ‘पत्रा’ हे तिच्या नावावरून नव्हे, तर रुंदी व त्रिज्या यांच्या गुणोत्तरावरून ठरवावे लागते.

गोल छेदाच्या तारेबाबत ही चिंता जवळजवळ नसतेच. २ मिलिमीटर व्यासाची तार १० सेंमी त्रिज्येत वाकवली, तर जाडीमुळे गुरुत्वमध्य मिलिमीटरच्या सुमारे ०.००१६ भागाने सरकतो.

प्रयोगाने पडताळा

सुमारे ३१.४ सेंमी लांबीची, २ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार १० सेंमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळात वाकवावी. जाड पुठ्ठ्यातून त्याच त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापावे. दोन्हीच्या एका टोकाला बारीक दोरा बांधून ती मोकळी टांगावीत व त्याच आधारावरून ओळंबा सोडावा. स्थिर झालेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य ओळंब्याच्या रेषेवरच असतो. व्यास व ओळंबा यांच्यातील कोन मोजावा. पुठ्ठ्याची सरळ कड ओळंब्याशी सुमारे २३ अंशांचा कोन करते; तारेची दोन टोके जोडणारी रेषा सुमारे ३२.५ अंशांचा. साडेनऊ अंशांचा हा फरक साध्या कोनमापकानेही लपत नाही. केंद्रापासूनचे अंतर काढायचे झाल्यास त्या कोनाच्या स्पर्शकाला (टॅन) त्रिज्येने गुणावे, तारेसाठी ६.३७ सेंमी व पुठ्ठ्यासाठी ४.२४ सेंमी यावयास हवे.

तारेचा गुरुत्वमध्य पोकळीत पडतो, तेथे खूण करण्यास काहीच नसते. म्हणून अनेकदा कंसाच्या आत कागद चिकटवला जातो. येथे प्रयोग बिघडतो. वर सांगितलेल्या तारेचे वजन सुमारे ७.७ ग्रॅम भरते. पूर्ण अर्धवर्तुळ झाकणारा साधा लिहिण्याचा कागद सुमारे सव्वा ग्रॅमचा असतो व त्याचा गुरुत्वमध्य पत्र्याप्रमाणे ४.२४ सेंमीवर असतो. दोन्ही मिळून उत्तर ६.०७ सेंमी येते, म्हणजे तीन मिलिमीटर कमी. कागद हलका आहे, असे म्हणून भागत नाही. तार त्याहूनही फार जड नाही. कागदाऐवजी मागे आलेखपत्र उभे धरावे आणि वस्तूला स्पर्श होऊ देऊ नये.

दुसरा दोष तारेच्या लवचीकपणातून येतो. गोल डब्याभोवती वळवलेली तार सोडल्यावर थोडी उलगडते. तिची त्रिज्या १० ऐवजी ११ सेंमी झाली, तर कंस १८० अंशांऐवजी सुमारे १६४ अंशांचाच उरतो आणि टोके जोडणाऱ्या रेषेपासून गुरुत्वमध्याची उंची ६.०६ सेंमी होते. हाही तीन मिलिमीटरांचा फरक, आणि योगायोगाने कागदाच्या दोषाइतकाच. त्यामुळे केवळ उत्तरावरून दोष कोणता ते ओळखता येत नाही. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. टोकांमधील अंतर मोजावे. ते २० सेंमी असावयास हवे. उलगडलेल्या तारेत ते २१.८ सेंमीच्या जवळ भरते. तार मुळात थोड्या लहान डब्याभोवती वळवली म्हणजे सुटल्यानंतर हव्या त्या त्रिज्येला येते. ती किती लहान घ्यावी हे तारेच्या जातीवर अवलंबून असल्याने एकदोनदा करून पाहावे लागते.

उदाहरण : अर्धगोल झडप

भिंतीतील अर्धवर्तुळाकृती झरोक्याला पत्र्याची झडप आहे. त्रिज्या ३० सेंमी. पत्र्याचे वजन ३ किलो. कंसाच्या कडेला मजबुतीसाठी लोखंडी सळईची गोट जोडली आहे, तिचे वजन २ किलो. झडप व्यासाच्या सरळ कडेवर बिजागऱ्यांनी बसवली असून उघडल्यावर ती आडवी राहावी म्हणून कंसाच्या मध्याला एक साखळी थेट वरच्या आधाराला, उभ्या रेषेत बांधली आहे. साखळीवर किती भार येईल?

पत्र्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेपासून ०.४२४४ × ३० = १२.७३ सेंमीवर आहे आणि सळईचा ०.६३६६ × ३० = १९.१० सेंमीवर. बिजागरीभोवती पत्र्याचे परिबल ३ × १२.७३ = ३८.२ किलो-सेंमी व सळईचे २ × १९.१० = ३८.२ किलो-सेंमी. वजनाने दोन-तृतीयांश असलेली सळई पत्र्याइतकेच परिबल निर्माण करते, कारण तिचे अंतर दीडपट आहे. एकूण परिबल ७६.४ किलो-सेंमी. साखळी बिजागरीपासून ३० सेंमीवर असल्याने तिच्यावर ७६.४ ÷ ३० = सुमारे २.५५ किलो भार येतो. संपूर्ण झडपेचा गुरुत्वमध्य ७६.४ ÷ ५ = १५.२८ सेंमीवर आहे; तो ना पत्र्याच्या सूत्राने मिळतो ना तारेच्या.

‘सर्व काही अर्धवर्तुळच आहे’ असे समजून ५ किलोला पत्र्याचेच सूत्र लावले असते तर भार २.१२ किलो आला असता, म्हणजे प्रत्यक्षाहून सुमारे एक-षष्ठांशाने कमी. चूक धोक्याच्या बाजूची आहे हे येथे लक्षात घ्यावयास हवे. गोट जितकी जड तितकी ही चूक वाढते.

बंद तार

‘अर्धवर्तुळाची कड’ या शब्दप्रयोगाने आणखी एक घोटाळा होतो. तार केवळ कंसापुरती असेल तर 2r/π हे सूत्र लागू पडते. पण तार व्यासावरूनही फिरवून आकृती बंद केली असेल, तर सरळ भागाची 2r लांबी शून्य उंचीवर भर घालते. परिबल वाढत नाही, वजन मात्र वाढते. त्यामुळे गुरुत्वमध्य

2r² / (πr + 2r) = 2r/(π + 2)

म्हणजे त्रिज्येच्या ०.३८९ पट अंतरावर येतो. हे अंतर पत्र्याच्या अंतराहूनही कमी आहे. तारेचा गुरुत्वमध्य नेहमी पत्र्याच्या गुरुत्वमध्यापेक्षा कंसाकडे असतो, असा सरसकट नियम करणाऱ्याची येथे फसगत होते. प्रश्नात तार उघडी आहे की बंद, हे आधी वाचावे.

कडेची तार आणि आतला पत्रा यांचे गुरुत्वमध्य नेहमीच भिन्न असतात असेही नाही. पूर्ण वर्तुळ, आयत, समभुज त्रिकोण यांच्यात सममितीमुळे दोन्ही एकाच बिंदूत येतात. असमान बाजूंच्या त्रिकोणात मात्र ते वेगळे पडतात. त्रिकोणी पत्र्याचा गुरुत्वमध्य मध्यगासंपात असतो, तारेच्या त्रिकोणाचा तेथे नसतो.

गोलाशी संबंध व इतिहास

या दोन्ही सूत्रांचा गोलाच्या सूत्रांशी थेट संबंध आहे. एखादी तार तिला न छेदणाऱ्या, तिच्याच प्रतलातील अक्षाभोवती एक फेरा फिरवली असता तयार होणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ म्हणजे तारेची लांबी गुणिले तिच्या गुरुत्वमध्याने कापलेले अंतर. आणि पत्रा फिरवला असता तयार होणाऱ्या घनाकृतीचे घनफळ म्हणजे पत्र्याचे क्षेत्रफळ गुणिले त्याच्या गुरुत्वमध्याने कापलेले अंतर. हे प्रमेय अलेक्झांड्रियाचा पॅपस (इ. स. चौथे शतक) याच्या ग्रंथात आढळते आणि सतराव्या शतकात पाउल गुल्डिन (१५७७–१६४३) याने ते पुन्हा मांडले, म्हणून ते दोघांच्या नावाने ओळखले जाते.

अर्धवर्तुळाकृती तार व्यासाभोवती फिरवली की गोलाचे पृष्ठ मिळते व पत्रा फिरवला की भरीव गोल मिळतो. गोलाचे पृष्ठफळ 4πr² हे ठाऊक असल्यास πr × 2π × (उंची) = 4πr² या समीकरणावरून तारेची उंची 2r/π येते. घनफळ 4πr³/3 वरून (πr²/2) × 2π × (उंची) = 4πr³/3, म्हणून पत्र्याची उंची 4r/3π. वर सावल्यांच्या साहाय्याने केलेली बेरीज आणि गोलाचे पृष्ठफळ त्याला वेढणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठाएवढे असते हा आर्किमिडीजचा निष्कर्ष, या मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले असता घनफळ, असे नियम दिलेले आहेत. त्या ग्रंथात या नियमांचा गुरुत्वमध्याशी संबंध जोडलेला नाही. तथापि त्यांतील दोन आकडे पॅपसच्या प्रमेयात घातले की तारेचे व पत्र्याचे अंतर आणि त्यांचे ३ : २ हे गुणोत्तर लगेच मिळते.

गोल पोकळ आहे की भरीव, यावरूनही असाच फरक पडतो. पातळ अर्धगोल वाटीचा गुरुत्वमध्य केंद्रापासून r/2 वर, तर भरीव अर्धगोलाचा 3r/8 वर असतो. येथे गुणोत्तर दोन-तृतीयांश नसून तीन-चतुर्थांश आहे, कारण गोलाच्या फाका त्रिकोणी नसून सूच्याकार असतात आणि शंकू किंवा सूची यांचा गुरुत्वमध्य शिरोबिंदूपासून तीन-चतुर्थांश अंतरावर असतो.